दूध बिलाचा रोजचा अहवाल: जमा, प्रलंबित आणि परत आलेले पैसे

महाराष्ट्रातल्या बऱ्याच डेअऱ्या दुधाचं बिल दर दहा दिवसांनी काढतात. महिन्याच्या १ ते १० तारखेच्या दुधाचा हिशेब ११ तारखेला निघतो, पशुखाद्याची उचल वगैरे कपात होते आणि उरलेली रक्कम उत्पादकाच्या बँक खात्यात पाठवली जाते. संगणकावरून एकाच फाइलमध्ये शेकडो उत्पादकांचे पैसे बँकेकडे जातात. त्यांतले बहुतेक पोचतात. काही वाटेत असतात, काही परत येतात. संध्याकाळी गावच्या संकलन केंद्रावर सचिवाला लोक विचारतात, ‘आमचं बिल जमा झालं का?’ त्याच्याकडे उत्तर म्हणून एक कागद असतो: दिवसअखेरचा अहवाल.

हा कागद बहुतेक वेळा संगणकाची प्रणाली बनवणारा माणूस स्वतःला कळेल असा बनवतो. वाचणारे मात्र सचिव, हिशेबनीस आणि अध्यक्ष असतात. त्यांना फाइलचं नाव आणि बँकेचा सांकेतिक क्रमांक नको असतो. किती जणांचे पैसे पोचले, कोणाचे अडले आणि उद्या सकाळी कोणी काय करायचं, एवढंच त्यांना हवं असतं. असा अहवाल कसा आखावा, ते एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊन पाहू.

आपल्या डेअरीत ११ तारखेला ४१२ बिलं निघाली. मागच्या बिलाचे ५ उत्पादक आधीच अडकलेले होते. संध्याकाळचा अहवाल असा हवा:

```
११ तारीख, सायं. ६ वाजेपर्यंतची स्थिती
                       उत्पादक    रुपये
कालची बाकी                ५       १४,२००
आज निघालेली बिलं         ४१२    १६,५१,६००
एकूण                    ४१७    १६,६५,८००
----------------------------------------
खात्यात जमा             ३९६    १५,८३,०००
प्रलंबित                  १२       ४९,३००
अयशस्वी                   ९       ३३,५००
एकूण                    ४१७    १६,६५,८००
```

या तक्त्याची जान दोन्ही ‘एकूण’ ओळींत आहे. रोजकीर्दीत आरंभीची शिल्लक आणि दिवसाची जमा मिळून जो आकडा येतो, तोच खर्च आणि अखेरची शिल्लक मिळून यावा लागतो. इथेही तसंच. आत आलेलं प्रत्येक बिल तीनपैकी कुठल्या तरी एका रकान्यात दिसलंच पाहिजे आणि एकाच रकान्यात दिसलं पाहिजे. नुसतं ‘३९६ यशस्वी, ९ अयशस्वी’ असं लिहिलं तर उरलेल्या बारांचं काय झालं, हे विचारायचंही कोणाला सुचणार नाही.

बेरीज जुळली तरी एक फसगत शिल्लक राहते. समजा, बिलाच्या नोंदवहीत ४१२ नावं होती, पण पैसे पाठवणाऱ्या प्रणालीने फाइल अर्धवट वाचली आणि तिला ३९८च दिसली. मग ती ३९८ची बेरीज चोख जुळवून दाखवेल आणि १४ घरांचे पैसे अहवालात कुठेच नसतील. म्हणून ‘आज निघालेली बिलं’ हा आकडा पैसे पाठवणाऱ्या प्रणालीकडून घ्यायचा नाही. तो थेट बिलाच्या नोंदवहीतून, म्हणजे काम जिथून सुरू झालं तिथून, स्वतंत्रपणे घ्यायचा. दोन आकड्यांत फरक पडला तर अहवालाची पहिली ओळ तीच असावी: ‘१४ बिलं पाठवलीच गेली नाहीत.’

याच कारणाने ज्या दिवशी एकही बिल नसतं, त्या दिवशीही अहवाल निघायला हवा. अहवाल आलाच नाही, तर सगळं सुरळीत आहे की प्रणालीच बंद पडली आहे, हे वाचणाऱ्याला समजत नाही. ‘आज नवीन बिलं नव्हती’ आणि ‘आज बिलांची फाइल आली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दोन्ही ठिकाणी नुसतं शून्य लिहून भागत नाही.

आता ‘खात्यात जमा’ कधी म्हणायचं? फाइल बँकेने स्वीकारली, म्हणजे पैसे पोचले असं नाही. एनईएफटीचे व्यवहार १६ डिसेंबर २०१९पासून चोवीस तास चालतात आणि दर अर्ध्या तासाने त्यांचा एक गठ्ठा निघतो. डेअरीच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि प्रत्येक व्यवहाराला यूटीआर नावाचा क्रमांक मिळतो. एवढ्यावरच ‘यशस्वी’ लिहिण्याचा मोह होतो. पण समोरच्या बँकेला रक्कम खात्यात टाकता आली नाही, तर ती परत येते. नियमाप्रमाणे गठ्ठ्याचा निपटारा झाल्यापासून दोन तासांच्या आत बँकेने रक्कम परत करायची असते. म्हणून यूटीआर मिळाला, ती मुदत उलटली आणि रक्कम परत आली नाही, असं झाल्यावरच बिल ‘जमा’ रकान्यात जावं. सहा वाजताच्या अहवालात दुपारी साडेतीननंतर पाठवलेली ११ बिलं ‘प्रलंबित’ दिसतात ती यासाठीच. त्यांच्यापुढे ‘बँकेकडे आहेत, उद्या कळेल’ एवढं लिहिलं की सचिवाकडे सांगायला खरं उत्तर असतं.

बारावं प्रलंबित बिल वेगळं आहे. ते पाठवताना जोडणी तुटली आणि बँकेचं उत्तरच आलं नाही. पैसे गेले की नाही, हे कोणालाच माहीत नाही. असं बिल चुकून ‘अयशस्वी’मध्ये टाकलं, तर कोणीतरी ते तत्परतेने पुन्हा पाठवतं. पहिले पैसे गेले असतील तर एकाच उत्पादकाला दोनदा रक्कम मिळते आणि ती परत मागण्याचा अवघड प्रसंग येतो. उत्तर न मिळणं आणि नकार मिळणं या दोन गोष्टी अहवालात कधीच एकत्र येऊ नयेत. या बिलापुढे स्पष्ट शब्दांत लिहावं: ‘बँकेचं उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवू नये. हिशेबनिसाने बँकेत विचारावं.’

उरले ९ अयशस्वी. यांची यादी मात्र नावानिशी हवी. जमा झालेल्या ३९६ जणांची यादी इथे छापली, तर हे नऊ तिच्यात बुडून जातात. ती स्वतंत्र ठेवावी आणि कोणी मागितली तरच काढावी. अयशस्वी यादीत उत्पादकाचं नाव, गाव, रक्कम, किती दिवसांपासून अडलं आहे, कारण आणि पुढचं काम एवढे रकाने पुरतात. खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक द्यावेत, कारण हा कागद व्हॉट्सॲपवरून बऱ्याच हातांत फिरतो. सर्वांत जुनं अडलेलं बिल सर्वांत वर असावं.

कारण बँकेच्या भाषेत येतं: ‘अकाउंट क्लोज्ड’, ‘इनव्हॅलिड आयएफएससी’. त्याचं नुसतं मराठी करून काम होत नाही, कारण वाचणाऱ्याला कामाची दिशा हवी असते. खातं बंद असेल तर उत्पादकाकडून नव्या पासबुकाची प्रत आणायची आहे आणि हे काम सचिवाचं आहे. आयएफएससी जुना असेल तर तो डेअरीच्या कचेरीत बदलायचा आहे. देना आणि विजया बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१पासून चालेनासे झाले. तेव्हा असंख्य नोंदी बदलाव्या लागल्या. त्यात खातेदारांची चूक काहीच नव्हती. म्हणून यादीचे गट कारणांनुसार पाडण्यापेक्षा काम कोणाचं आहे त्यानुसार पाडावेत: सचिवाने करायचं, कचेरीने करायचं, बँकेत जाऊन करायचं.

आपल्या नवांपैकी तीन मागच्या बिलापासूनचे आणि सहा नवे आहेत. त्या सहांपैकी चौघांची खाती एकाच बँकेत आहेत आणि चौघांचं कारण एकच: ‘असं खातं नाही’. अहवालाने ही गोष्ट एका वाक्यात वर काढून दाखवली पाहिजे, कारण चार माणसांनी एकाच दिवशी वेगवेगळ्या चुका करण्यापेक्षा डेअरीकडेच एक चूक झाली असण्याची शक्यता जास्त. हिशेबनिसाने नोंदी उघडल्या, तर चौघांचे सोळा अंकी क्रमांक शून्यावर संपत होते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक जपतं आणि सोळाव्या जागी शून्य घालतं. खाते क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला नाही, तर हे निमूटपणे घडतं. क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळून पडतं. पासबुकं पाहून चारही क्रमांक दुरुस्त झाले.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल पाहा. कालची बाकी २१, नवी बिलं शून्य. शिवाय एक नवी ओळ आली: ‘काल जमा दाखवलेली, आज परत आलेली: २’. एखादी रक्कम मुदतीनंतर, उशिराही परत येऊ शकते. अशा वेळी कालचा ३९६चा आकडा गुपचूप ३९४ करू नये. ज्यांनी काल कागद वाचला, त्यांना आजचा आकडा बदललेला दिसला की दोन्ही कागदांवरचा विश्वास उडतो. परतावा स्वतंत्र ओळीत दाखवला की एकूण २३ होतात. त्यांतली १५ आज जमा झाली: काल बँकेकडे असलेली ११ आणि क्रमांक दुरुस्त केलेली ४. उत्तर न आलेलं १ प्रलंबित राहिलं. अयशस्वी ७ उरली: कालची ५ आणि परत आलेली २. बेरीज पुन्हा २३.

मांडणीबद्दल दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. टक्केवारी टाळावी. ‘९५ टक्के यशस्वी’ हे वाचायला छान वाटतं, पण ज्या नऊ घरांत बिल पोचलं नाही, ती त्यात दिसत नाहीत. आणि लाल-हिरव्या रंगांवर अर्थ सोपवू नये. कागदाची काळी-पांढरी प्रत निघाली की रंग जातो आणि काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच दिसत नाही. स्थिती शब्दांत लिहावी.

अहवालाला एक मर्यादाही आहे आणि ती वाचणाऱ्यांना ठाऊक असावी. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून, नाव जुळतं का हे पाहिलं जात नाही. चुकून दुसऱ्या कोणाचा चालू खाते क्रमांक नोंदला गेला, तर पैसे त्या माणसाला जातात आणि अहवाल ‘खात्यात जमा’ म्हणतो. ही चूक कागदावर कधीच दिसणार नाही. ती पैसे पाठवण्याआधीच पकडावी लागते. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय द्यायला सांगितलं. नवा उत्पादक नोंदवताना किंवा क्रमांक बदलताना ती सोय वापरावी आणि दिसलेलं नाव नोंदवहीतल्या नावाशी ताडून पाहावं.

अहवाल नीट बनला का, हे तपासायची रीत सोपी आहे. तो सचिवाच्या हाती द्यावा, काहीही समजावून सांगू नये आणि तीन प्रश्न विचारावेत: किती घरांचे पैसे अजून पोचायचे आहेत, त्यांतल्या कोणाकडे तुम्हाला उद्या जायचं आहे आणि कोणतं बिल पुन्हा पाठवायचं नाही? ज्या प्रश्नावर तो अडखळेल, तिथली ओळ नव्याने लिहावी.