अकरा पेपर, आठ अभ्यास

एम.पी.एच. करणाऱ्या विद्यार्थिनीनं आपल्या गाईडला पाठवलेला मेल साधारण असा असतो: ‘आदरणीय मॅडम, सोबत मी वाचलेल्या ११ पेपरांचा सारांश जोडत आहे. बहुतांश पेपरांमध्ये गृहभेटींचा नवजात बालकांच्या मृत्युदरावर चांगला परिणाम दिसून आला आहे. कृपया पाहावा व सूचना द्याव्यात. काही चुकले असल्यास क्षमस्व.’ खाली नाव, आणि सोबत ‘review_final_final2.docx’ नावाची एकोणीस पानांची फाईल.

पत्र नम्र आहे, शुद्धलेखनही ठीक आहे. अडचण अशी, की मॅडमना ते वाचून काहीच ठरवता येत नाही. एकोणीस पानं उघडल्याशिवाय विद्यार्थिनी कुठं पोचली आहे हे कळत नाही, आणि ही पानं उघडायला मॅडमना रविवारशिवाय वेळ नसतो. म्हणून ‘पाहते’ एवढंच उत्तर येतं आणि पंधरा दिवस जातात. हा मेल उदाहरणापुरता रचलेला आहे. त्यातले पेपर मात्र खरे आहेत, आणि असं पत्र कसं सुधारतं हे त्यांच्यावरूनच नीट कळतं.

विषय आपल्या जवळचा आहे. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासते, वजन करते, ऊब आणि अंगावरचं दूध याबद्दल सांगते. देशभर ही योजना २०११मध्ये सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी आणि घरी जन्मलेल्यासाठी सात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींनी बाळं खरोखर वाचतात का, हा विद्यार्थिनीचा प्रश्न. यावर वाचायचं म्हटलं की सुरुवात गडचिरोलीपासून होते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आला. ३९ गावांत प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ घरोघरी जात होते, ४७ गावं तुलनेसाठी होती.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो परिणामाचा नव्हता. “अकरा पेपर म्हणजे किती अभ्यास?”

विद्यार्थिनी गोंधळली. पेपर आणि अभ्यास यांत फरक असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण फरक मोठा आहे. गडचिरोलीच्या त्याच प्रयोगावर २००५मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’च्या एका पुरवणी अंकात अनेक लेख आले. त्यातले तीन तिच्या यादीत होते. म्हणजे १९९९चा धरून चार पेपर झाले, पण गावं तीच, बाळं तीच. दहा-बारा वर्षं कुणी त्याच शेतातल्या पिकावर लेख लिहीत राहिला, म्हणून शेतं वाढत नाहीत. आढाव्यात हा एकच अभ्यास धरायचा.

उरलेले सात: बांगलादेशातल्या सिल्हेटचा २००८चा, उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा २००८चा, बांगलादेशातल्याच मिर्झापूरचा २०१०चा, पाकिस्तानात सिंधमधल्या हालाचा २०११चा, हरियाणाचा २०१२चा, आफ्रिकेतल्या घानाचा २०१३चा, आणि गोगिया व सचदेव यांनी २०१०मध्ये केलेला एकत्रित आढावा. या शेवटच्याला वेगळा पुरावा म्हणून मोजायचं नाही, कारण त्यानं दक्षिण आशियातल्या पाच चाचण्यांचे आकडेच एकत्र केलेत. सिल्हेट आणि शिवगड त्यात आहेतच. ते दोन्ही पुन्हा सुटे मोजले, तर एकच साक्षीदार दोनदा पिंजऱ्यात उभा केल्यासारखं होतं. तेव्हा पत्रात लिहायचं ते असं: अकरा पेपर, आठ अभ्यास, त्यातले सात प्रत्यक्ष प्रयोग आणि एक आढावा.

आता ‘बहुतांश पेपरांमध्ये चांगला परिणाम’ हे वाक्य बघू. ते खोटं नाही, पण त्यानं उपयोगाचं बहुतेक सगळं झाकून टाकलं आहे. शिवगडमध्ये नवजात मृत्यू सुमारे ५४ टक्क्यांनी कमी झाले, सिल्हेटमध्ये घरी जाऊन सेवा दिलेल्या गटात ३४ टक्क्यांनी, हालामध्ये १५ टक्क्यांनी. घानात ८ टक्के. मिर्झापूरमध्ये खात्रीनं सांगण्यासारखी घट दिसली नाही. गडचिरोली ६२ टक्के. एकाच उपायाचे आकडे असे ६२पासून ८पर्यंत पसरले असतील, तर ‘चांगला परिणाम’ ही सरासरी सांगून काय मिळणार? हा पसरलेपणा हीच बातमी आहे आणि पत्राची पहिली ओळ तीच असायला हवी.

घानाच्या त्या आठ टक्क्यांपाशी थोडं थांबायला हवं. पेपर म्हणतो, भेटी झालेल्या भागातला धोका दुसऱ्या भागाच्या ०.९२ पट, आणि खरा आकडा ०.७५ ते १.१२ यांच्यामध्ये कुठंतरी असावा. म्हणजे मृत्यू एक चतुर्थांशानं घटले असतील, किंवा बारा टक्के वाढलेही असतील, दोन्ही शक्यता आकड्यांत बसतात. विद्यार्थिनीनं टेबलात ‘८% घट’ लिहिलं तर ती जास्त खात्रीनं बोलते, आणि ‘परिणाम नाही’ लिहिलं तरी तीच चूक उलट्या बाजूनं होते. मॅडमला चटकन दिसावं म्हणून त्या रांगेत आकड्याच्या शेजारी त्याच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा लिहिणं, एवढंच पुरतं.

सारांशाच्या टेबलात एक जागा खास खडबडीत आहे, तिथं बहुतेकांचा पाय घसरतो. गडचिरोलीच्या प्रयोगापूर्वी हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत. तिसऱ्या वर्षी हा दर २५.५वर आला. आणि घट किती? ६२.२ टक्के. दोन बासष्ट एकाच रांगेत आले. पहिला दर, दुसरा टक्के. विद्यार्थिनीनं पहिल्या खर्ड्यात ‘६२वरून २५.५, म्हणजे ६२ टक्के’ असं लिहून टाकलं होतं. मॅडमनी मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर उघडून ६२मधून २५.५ वजा केले, ३६.५ आले, त्याला ६२नं भागलं. ५९ टक्क्यांच्या आसपास.

“मग ६२ कुठून आले?”

पेपर पुन्हा उघडल्यावर उत्तर सापडलं. तो आकडा निव्वळ घटीचा आहे. तुलनेच्या ४७ गावांमध्ये त्याच काळात जो बदल झाला, तो हिशेबात धरून काढलेला. प्रयोग नसताना जे घडलं असतं, त्याच्याशी ताडलेला. हा फरक कळला की विद्यार्थिनीला पेपरची रचनाही कळते. त्यात ती अडचणही कळते की गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंची गावं सुरुवातीला सारखी होती का, हे आपल्याला पाहावं लागतं. सुरुवातीचे दर ६२ आणि ५८ होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण शिवगड, सिल्हेट यांच्यासारखी चिठ्ठीची खात्री तिथं नाही. टेबलात ‘गट कसे पाडले’ हा रकाना त्यामुळे लागतो, आणि हे पत्रात एका ओळीत सांगावं लागतं, कारण आढाव्यात गडचिरोली वेगळी ठेवायची की इतरांत मिसळायची, हा निर्णय मॅडमचा आहे.

दुसरी गोष्ट, उपाय एकच होता असं आपण सहज धरून चालतो. गडचिरोलीचे आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन घरातच देत. शिवगडमध्ये भर होता बाळाला उबदार ठेवणं, आईच्या छातीशी लावणं, स्वच्छता यांवर, इंजेक्शनचा प्रश्न नव्हता. तरी तिथं ५४ टक्के. तेव्हा ‘गृहभेट’ हे नाव एक असलं, तरी आत काय होतं हे वेगवेगळं, हे लिहिल्याशिवाय टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

शेवटी एक साधी, पण सगळ्यात टाळली जाणारी कबुली. अकरापैकी किती पूर्ण वाचले? कित्येक जर्नल्स पैसे भरल्याशिवाय पूर्ण पेपर उघडू देत नाहीत, तेव्हा फक्त ॲब्स्ट्रॅक्टवर काम भागतं. हाला आणि घानाचे दोन्ही तिनं तसेच वाचले होते. हे लपवलं की मौखिक परीक्षेत फटका बसतो. ‘गट कसे पाडले’ विचारल्यावर ॲब्स्ट्रॅक्टवाला गप्प होतो. पत्रात लिहून टाकलं की मॅडम लायब्ररीतून पेपर मिळवून देतात. किंवा ‘मला आहे, पाठवते’ म्हणतात.

विद्यार्थिनीनं दुसऱ्यांदा पाठवलेलं पत्र असं होतं:

‘मॅडम, नमस्कार. गृहभेटी व नवजात मृत्यू या विषयावरचा सारांश सोबत आहे (चार पानं, पहिल्या पानावर टेबल). पबमेडमध्ये "home visits" AND newborn AND mortality असा शोध घेतला. ११ पेपर झाले, ते आठ अभ्यासांचे आहेत. गडचिरोलीचे चार पेपर एकाच प्रयोगाचे आहेत. निष्कर्ष पसरलेले आहेत, ६२ टक्के घटीपासून जवळजवळ शून्यापर्यंत. हाला आणि घाना यांचे फक्त ॲब्स्ट्रॅक्ट वाचले आहेत. दोन गोष्टी तुमच्याकडून ठरवून हव्यात: गडचिरोलीत गट चिठ्ठीने पाडलेले नाहीत, तो प्रयोग वेगळा ठेवू का? आणि घाना दक्षिण आशियाबाहेरचे आहे, ते काढू का? तोपर्यंत मी हरियाणाचा पेपर पुन्हा वाचते.’

पहिल्या पत्रापेक्षा हे लांब आहे, तरी त्याला उत्तर देता येतं. मॅडमनी त्याच संध्याकाळी, बसमधून, दिलं. ‘गडचिरोली वेगळी ठेव. घाना राहू दे, नाहीतर पसारा लपेल. आणि टेबलात एक रकाना कमी आहे: भेटी किती बाळांपर्यंत पोचल्या?’

तिनं फाईल उघडली, नवा रकाना घातला. गडचिरोलीचं वाक्य तिला पाठ होतं, तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना घरी सेवा मिळाली होती. ९३ लिहिलं. खालच्या रांगा अजून कोऱ्या होत्या.