विलंबित जिलेबी

भाचीच्या लग्नातला माझा एक फोटो आहे. पंगतीत बसलोय. फेटा घसरून डाव्या डोळ्यावर आलाय, उजवा डोळा अर्धवट मिटलाय, तोंड पूर्ण उघडं आहे आणि उजव्या हातात जिलेबी तोंडापासून वीतभर अंतरावर थबकली आहे. पाक मनगटावरून कोपराकडे निघालाय. मागे मठ्ठ्याचा पेला हातात धरून बायको माझ्याकडे बघतेय. ती काय विचार करतेय हे सांगायला ज्योतिषी नको.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या. उद्घाटनं, सत्कार, रास्ता रोको, पहिला पाऊस. तरी हा फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना मी नवशिक्यासारखी ओळ लिहिली : ‘माझा अवतार बघा! किती जाड आणि बावळट दिसतोय मी.’ अपेक्षा होती हशाची. दहा मिनिटांत उत्तरं आली. मावशी : ‘अरे, उलट वाळलास. जेवतोस ना नीट?’ मेहुणे : ‘साखर तपासून घ्या एकदा.’ आतेभाऊ : ‘वयानुसार होतंच असं, मनाला लावून घेऊ नकोस.’

फोटो विनोदी होता, पण ओळीने त्याची शोकसभा केली.

चूक कुठे झाली ते समजायला फार लांब जावं लागत नाही. ‘मी जाड दिसतोय’ हे वाक्य दिसायला विधान असलं तरी कामाला प्रश्नासारखं लागतं. आपल्याकडे कुणी असं म्हटलं की समोरच्याला ‘छे छे, कुठे?’ म्हणणं भागच असतं. नाही म्हटलं तर तो उद्धट ठरतो. म्हणजे मी लोकांना हसायला बोलावलं आणि दारातच त्यांच्या हातात सांत्वनाचं काम दिलं. शिवाय जाडी ही काही त्या क्षणाची गोष्ट नाही. ती लग्नाच्या आधी होती, नंतरही आहे. घसरलेला फेटा मात्र पुढच्याच मिनिटाला जागेवर आला होता.

हा फरक फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरस कशाने निर्माण होतो याची यादी आहे. त्यात विपरीत वेश आणि अलंकार आहेत, धीटपणा आहे आणि ‘लौल्य’, म्हणजे हावरटपणाही आहे. माझ्या फोटोत फेटा पहिल्या कलमात बसतो, जिलेबी शेवटच्या. त्याच अध्यायात करुणरसाची कारणं येतात तेव्हा यादी पार बदलते : संकट, प्रियजनांचा वियोग, वैभवाचा नाश, बंदिवास. तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनेही हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. हास्यास्पद म्हणजे असा दोष किंवा कुरूपता, जिच्यात वेदना नसते. उदाहरण म्हणून त्याने विनोदी नाटकातला वेडावाकडा मुखवटा दिला. दोघांच्या म्हणण्याचा आपल्या कामापुरता अर्थ असा की ओळ वेशाबद्दल, हावेबद्दल, त्या क्षणाच्या फजितीबद्दल असेल तर माणूस हसतो. ती नुकसानाबद्दल बोलू लागली की तो हळहळतो.

म्हणून मी ओळ पुन्हा लिहायला घेतली. दुसरा प्रयत्न : ‘फोटोग्राफरने नेमका नको तेव्हा काढला.’ यात जाडी गेली, पण तक्रार आली. आता वाचणाऱ्याला न्यायाधीश व्हावं लागतं. तिसरा प्रयत्न : ‘फेटा डोळ्यावर आणि जिलेबी हातात.’ हे खरं आहे, पण ते फोटोत दिसतंच आहे. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं आठवा. त्यांतल्या बहुतेकांखाली एक शब्दही नसतो, कारण चित्राने सगळं सांगितलेलं असतं. चित्र सांगतंय तेच शब्दांनी पुन्हा सांगायचं असेल तर ओळ न लिहिलेली बरी. शब्दांनी फोटोत नसलेलं काहीतरी आणलं पाहिजे.

ते कुठून आणायचं? डेस्कवर एक जुनी युक्ती होती. फोटोतला प्रसंग विसरायचा आणि फक्त आकार बघायचे. मी जिलेबी विसरलो, लग्न विसरलो. उरलं काय? मान किंचित वर, डोळे मिटत आलेले, तोंड उघडं, उजवा हात हवेत. असा चेहरा आणखी कोण, कधी करतं? कागदावर पाच उत्तरं लिहिली. दंतवैद्याच्या खुर्चीतला रुग्ण. शिंक येता येता अडलेला माणूस. बसमध्ये डुलकी लागलेला प्रवासी. गणपतीत ‘मोरया’ म्हणणारा. आणि तान घेणारा शास्त्रीय गायक.

पहिली दोन उत्तरं मी लगेच खोडली, कारण त्यांत माणसाला त्रास होतोय. तिसऱ्यात तो दमलेला आहे. चौथं बरं होतं, पण मोरया म्हणणाऱ्याच्या हातात काही थबकलेलं नसतं. पाचव्यात मात्र सगळं चपखल बसलं. हवेतला हात गवयाचा झाला, मिटता डोळा समाधीचा झाला आणि मागे पेला घेऊन उभी असलेली बायको आपोआप साथीला बसली.

या निवडीमागे आणखी एक कारण आहे. एलियट अॅरन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या स्पर्धकाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एक स्पर्धक हुशार होता, 92 टक्के उत्तरं बरोबर देणारा. दुसरा सामान्य, 30 टक्केवाला. काही ध्वनिफितींत शेवटी तो स्वतःच्या अंगावर कॉफी सांडतो. कॉफी सांडल्यावर हुशार स्पर्धक ऐकणाऱ्यांना जास्त आवडला आणि सामान्य स्पर्धक आणखी कमी. पडण्यात गंमत यायला पडणारा थोडा उंचावर असावा लागतो. ‘मी बावळट’ म्हणून मी आधीच जमिनीवर बसलो होतो. तिथून पडणार कुठे? उलट वधूचा मामा हा मांडवात मानाचा माणूस. वधूला बोहल्यावर आणणारा. त्याला गवयाची बैठक दिली की फेटा आणखीच घसरतो. म्हणून ओळीत ‘मी’ नको, ‘वधूचे मामा’ हवं.

आता शब्द. पहिला खर्डा : ‘जिलेबी खाताना मी जणू एखादा मोठा गवई विलंबित तान घेतोय असं वाटतंय, हा हा हा!’ कल्पना बरोबर, पण ओळ मेलेली. ‘जणू’ आणि ‘असं वाटतंय’ या शब्दांनी मीच वाचणाऱ्याला डोळा मारला. ‘हा हा हा’ने मीच आधी हसून घेतलं. विनोदी ओळीने चेहरा गंभीर ठेवायचा असतो. त्यासाठी मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेची भाषा उचलली : गायन अमुक, तबल्यावर साथ तमुक. गंभीर साचा जसाच्या तसा ठेवायचा आणि त्यातले एक-दोन शब्दच बदलायचे.

इथे मराठीची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘मामी मठ्ठ्यावर साथ करत आहेत’ असं लिहिलं की हसू आणणारे शब्द मध्येच येऊन जातात आणि शेवटी ‘करत आहेत’ हे रिकामं भांडं वाजत राहतं. वर्तमानपत्राच्या फोटोओळीने आणि कार्यक्रमपत्रिकेने यावर उपाय कधीच काढून ठेवलाय. ‘उद्घाटन करताना महापौर. सोबत डावीकडून…’ इथे क्रियापदाला रजा असते आणि नाम शेवटी उभं राहतं. ज्या शब्दावर हसू फुटणार तो शेवटी ठेवता येतो. माझ्या फोटोत नजर शेवटी जाते ती मागच्या बायकोवर. म्हणून ओळही तिच्यावरच संपायला हवी :

‘विलंबित जिलेबी. गायन : वधूचे मामा. मठ्ठ्यावर साथ : मामी.’

आठ शब्द. यात पाक, फेटा, डोळा यांतलं काहीही नाही, ते फोटो सांगतोच. ‘राग’ हा शब्दही आधी होता, तो काढला. ‘विलंबित’ने काम होत होतं आणि बायकोच्या चेहऱ्यावर राग होताच.

टाकण्याआधी ओळ बायकोला वाचून दाखवली. फोटोत दुसरं माणूस असेल तर ही पायरी गाळायची नाही. आपल्या फजितीवर आपण हसायचं ठरवलेलं असतं, त्याने ठरवलेलं नसतं. ती म्हणाली, ‘साथ कसली? मुख्य कलाकार मीच होते.’ मग परवानगी दिली.

या वेळी उत्तरं अशी आली. भाचा : ‘मामा, द्रुत कधी?’ मेहुणे : ‘भैरवी बासुंदीत घ्या.’ आणि जेवतोस ना विचारणारी मावशी : ‘साथ दमदार, गवई बेसूर.’ ओळ जमली की नाही हे ओळखायची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. लोक धीर देऊ लागले, तब्येत विचारू लागले तर ओळ फसली. त्यांनी तुमचीच गंमत उचलून पुढे नेली तर जमली. नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर विसंबू नये. ती सौजन्यानेही येतात.

पडल्याच्या फोटोंना मात्र एक जादा काळजी लागते. गडाच्या वाटेवर चिखलात बसकण मारलेल्या मित्राचा फोटो बघताना पहिला विचार येतो : लागलं का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणी हसत नाही. म्हणून ते उत्तर ओळीच्या सुरुवातीलाच द्यायचं. आमच्या मित्राने लिहिलं होतं, ‘शाबूत : हाडं. बेपत्ता : ऐट.’ पहिल्या दोन शब्दांनी काळजी मिटवली, पुढच्या दोहोंनी हसवलं. हाड खरंच मोडलं असेल तर प्लॅस्टर निघेपर्यंत फोटो ठेवून द्यावा. तेव्हा कितीही चांगली ओळ लिहिली तरी लोक डबा घेऊन भेटायलाच येतील.

आणि काही फोटोंना ओळ नकोच. डोळ्यांत खरं दुःख दिसत असेल, किंवा गंमत म्हणून उरणारी एकमेव गोष्ट वजन, टक्कल, वाकडे दात अशी कायमची असेल, तर ती आपली स्वतःची असली तरी सोडून द्यावी. तेच दात असलेला कुणीतरी ग्रुपवर असतोच, आणि त्याने काही परवानगी दिलेली नसते.

तुमच्या मोबाइलमध्येही असा एखादा फोटो पुसायचा राहून गेला असेल. पुसण्याआधी पाच मिनिटं त्यातले नुसते आकार बघा, हा चेहरा आणखी कोण करतं याची पाच उत्तरं कागदावर लिहा आणि ज्यात कुणालाही दुखत नाही ते निवडा. मग आठ-दहा शब्दांची ओळ लिहा. त्यात तुम्ही कसे दिसता याबद्दल एकही शब्द नको.