छातीतले तीन आवाज

चाळिशीतला एक माणूस दवाखान्यात येतो. दोन दिवसांचा ताप, खोकला, आणि खोल श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ. डॉक्टर त्याला शर्ट काढायला आणि तोंड उघडं ठेवून लांब श्वास घ्यायला सांगतात. दोन्ही गोष्टींना कारण आहे. कापड घासलं तरी स्टेथोस्कोपमध्ये चुरचुर ऐकू येते, आणि नाकाने घेतलेल्या श्वासाचा स्वतःचाच आवाज मध्ये येतो. मग पाठीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, बरोबर त्याच उंचीवर कान लावायचा. निरोगी बाजू शेजारीच असते, आणि तुलना तिच्याशीच करायची असते.

निरोगी फुप्फुसाचा आवाज मऊ असतो. आत येणारा श्वास लांब ऐकू येतो, बाहेर जाणारा थोडाच, आणि दोन्हींच्या मध्ये खंड नसतो. या माणसाच्या उजव्या पाठीवर, खाली, श्वास आत घेण्याच्या अखेरीस बारीक चुरचुर येते. कानाजवळ केसांची बट बोटांत धरून चोळली तर येते तशी. याला क्रॅकल्स म्हणतात. आपले डॉक्टर बोलताना ‘क्रेप्स’ही म्हणतात. सूज आणि स्राव यांमुळे मिटलेल्या बारीक श्वासवाटा श्वासाबरोबर झटक्याने उघडतात, त्या प्रत्येक उघडण्याचा हा टिचकीएवढा आवाज. तो सुटासुटा येतो, त्याला सूर नसतो.

पण क्रॅकल्स म्हणजे न्यूमोनिया असं समीकरण मांडू नये. हृदय दुबळं पडून फुप्फुसात पाणी झिरपलं तरी ते येतात, मात्र बहुधा दोन्ही बाजूंना तळाशी. फुप्फुस तंतुमय होऊन आखडलं तरी येतात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. म्हणून पुढची पायरी साधी आहे: रुग्णाला जोरात खोकायला सांगून त्याच जागी पुन्हा ऐकायचं. मोठ्या नळ्यांतल्या कफामुळे येणारा जाडसर बुडबुड्यांसारखा आवाज खोकल्यानंतर बदलतो किंवा जातो. बारीक चुरचुर सहसा तिथेच राहते.

दोन दिवसांनी हाच माणूस पुन्हा तपासला, तर चुरचुर कमी झालेली असू शकते. ती कमी झाली म्हणून हायसं वाटायचं कारण नाही. आता त्या जागी श्वास खरखरीत, पोकळ ऐकू येतो. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्याइतकाच किंवा जास्त लांब, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट खंड. स्टेथोस्कोप गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीवर ठेवला तर प्रत्येकालाच असा आवाज ऐकू येतो. तिथे तो बिनघोर आहे. पाठीवर खाली आला तर मात्र नाही. हवेने भरलेलं फुप्फुस श्वासनळीकडून येणारा उंच पट्टीचा आवाज गाळून टाकतं. वायुकोश स्रावाने भरून ते घट्ट झालं की गाळणं थांबतं आणि तो आवाज थेट पाठीपर्यंत पोचतो. हेच ब्रॉन्कियल ब्रीदिंग. खात्री करायला रुग्णाला ‘एक, एक, एक’ असं कुजबुजायला सांगतात. घट्ट भागावर ते शब्द कानात बोलल्याइतके स्पष्ट ऐकू येतात. फुप्फुसाबाहेर पाणी साचलेलं असेल, तर तिथे उलट आवाज मंद होतो किंवा येतच नाही.

तिसरा आवाज या रुग्णाकडे नाही, आणि हेही कळणं महत्त्वाचं. व्हीझ म्हणजे सुंसुं करणारा, सूर असलेला, लांबत जाणारा आवाज. बहुतेक वेळा श्वास सोडताना. वाट अरुंद झाली की तिच्या भिंती कंप पावतात. दम्यात दोन्ही बाजूंना अनेक सूर एकत्र ऐकू येतात. एकच सूर, एकाच ठिकाणी, प्रत्येक श्वासात येत असेल तर विचार वेगळा करावा लागतो: लहान मुलाने शेंगदाणा ठसका लागून आत ओढला असेल, मोठ्या माणसाच्या नळीत गाठ असेल. आणि दम्याच्या तीव्र झटक्यात धाप वाढत असताना सुंसुं थांबली, तर ती सर्वांत वाईट खूण. हवाच इतकी कमी जाते की आवाज होत नाही. अशा वेळी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

कान निर्दोष वाटला म्हणून न्यूमोनिया नाही असंही ठरत नाही. खोलवरचा डाग कानाला लागत नाही, म्हणून ताप आणि श्वासाचा वेग सांगत असेल तर छातीचा एक्स-रे काढावाच. आपल्या रुग्णाला औषध लागू पडलं की ब्रॉन्कियल श्वास मावळतो आणि चुरचुर परत येते, या वेळी जरा जाडसर. घट्ट झालेल्या भागात हवा पुन्हा शिरू लागल्याची ती खूण. पहिल्या दिवशीची चुरचुर आणि ही, कानाला जवळजवळ सारखीच. फरक ताप उतरतोय की चढतोय यात दिसतो. एक्स-रेमधला डाग मात्र आणखी काही आठवडे राहू शकतो. रुग्ण पन्नाशीपुढचा आणि विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर तो साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा काढून पाहतात, कारण त्याच डागाआड नळी अडवणारी गाठ असू शकते.