जुनी चित्रं तीच, नायक दुसराच

'स्वॅम्प थिंग'ची गोष्ट १९७२ साली लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी साधी-सरळ मांडली होती. लुइझियानाच्या दलदलीत अ‍ॅलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ झाडं झपाट्यानं वाढवणाऱ्या रसायनावर काम करतो. प्रयोगशाळेत स्फोट होतो, पेटलेला हॉलंड धावत जाऊन दलदलीत उडी घेतो आणि तिथून शेवाळानं लडबडलेला एक राक्षस बाहेर पडतो. पुढची बारा वर्षं वाचकाला धरून ठेवणारा प्रश्न एकच होता : हॉलंड पुन्हा माणूस होणार का?

१९८४च्या फेब्रुवारीत २१वा अंक आला. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन. गोळ्या घातलेल्या राक्षसाचं शव गोठवून ठेवलंय आणि वुडरू नावाचा वनस्पतितज्ज्ञ ते कापून पाहतोय. आत फुप्फुसं आहेत, पण हवा भरू न शकणारी. मेंदू आहे, पण तोही वनस्पतीचा. काम करणारा एकही अवयव नाही, नुसत्या नकला. वुडरूला चपट्या कृमींचा एक प्रयोग आठवतो. वाट शिकलेल्या कृमींचे तुकडे दुसऱ्यांना खाऊ घातले, तर त्यांनाही ती वाट येते म्हणे. (खऱ्या विज्ञानात हा दावा टिकला नाही, कथेला मात्र तो पुरला.) म्हणजे हॉलंड त्या स्फोटातच मेला. रसायनात भिजलेल्या वनस्पतींनी त्याचं शरीर खाल्लं, त्याबरोबर त्याच्या आठवणीही, आणि स्वतःला हॉलंड समजणारं एक झाड उभं राहिलं.

नव्या कथेनं जुन्या कथेचा अर्थ असा मागे जाऊन बदलण्याला कॉमिक्सच्या जगात 'रेटकॉन' म्हणतात. मूरनं वीन-राइटसनचं एकही चित्र खोटं पाडलं नाही. स्फोट झाला, हॉलंड पेटला, राक्षस आला, सगळं जागच्या जागी. फक्त माणूस होण्याची आशा गेली, कारण परतायला माणूसच उरला नव्हता. बारा वर्षं त्या आशेवर वाचणाऱ्याला फसल्यासारखं वाटलं, तर ते रास्तच आहे. तरीही मी मूरच्या बाजूनं आहे. त्यानं आशा काढून घेतली, पण तिच्या जागी त्याहून मोठं दुःख दिलं आणि वनस्पतिसृष्टीशी जोडलेला एक नवा जीव दिला.

स्पायडरमॅनचं तसं झालं नाही. १९६२मध्ये किरणोत्सारी कोळी पीटर पार्करला चावला तो योगायोगानं. चावा कुणालाही बसला असता, म्हणूनच पीटर आपल्यातला वाटतो. २००१मध्ये जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीच्या कथेत इझिकील नावाचा माणूस पीटरला विचारतो, शक्ती किरणोत्सारानं आली, की मरण्याआधी कोळ्यालाच ती तुला द्यायची होती? इथेही जुनं चित्र जसंच्या तसं राहतं, पण 'कुणालाही' हा शब्द धोक्यात येतो. पीटर निवडलेला असेल, तर तो आपल्यातला कसा? भांडण पेटतं ते इथे.

आणि प्रकाशक तर कुठलाच बदल अखेरचा मानत नाहीत. २०११मध्ये डीसीनं नवी मालिका काढली, तेव्हा तिच्यात खुद्द अ‍ॅलेक हॉलंड जिवंत होता, आणि डोक्यात त्या झाडाच्या आठवणी घेऊन वावरत होता.