जाहिरातीखालची तक्रार, आणि तिला आमच्याआधी उत्तर देणारा माणूस

मागच्या भागात आपण जाहिरातीचा खर्च कसा लावायचा ते पाहिलं. आजचा विषय जाहिरातीच्या खालचा आहे. लोक तिथे चिडून लिहितात, कुणी फालतू लिंका टाकतं, आणि आपण घाबरून सगळं पुसून टाकतो. आम्हीही तेच केलं होतं. ती गोष्टच सांगतो, कारण त्यातून आम्ही जे शिकलो ते नियम म्हणून सांगण्यापेक्षा घडलं तसं सांगितलेलं बरं.

देवगडच्या हापूसचं काम होतं. एक बागायतदार थेट ग्राहकाला पेटी पाठवत होते आणि फेसबुक, इन्स्टाग्रामवर जाहिरात आम्ही चालवत होतो. ऐन एप्रिल. एका ग्राहकाने रात्री जाहिरातीखाली लिहिलं, ‘पाच डझनांतले नऊ आंबे आतून काळे निघाले. फोन कोणी उचलत नाही.’ आता साका बाहेरून दिसत नाही, हे तुम्हा आंबेवाल्यांना ठाऊक आहे. पण तक्रार खरी होती. आमच्यापैकी कुणीही ती सकाळपर्यंत पाहिली नाही.

पाहिली ती दुसऱ्याच एका माणसाने. अर्ध्या तासाच्या आत त्या तक्रारीखाली उत्तर आलं होतं. दुकानाचा तोच लोगो, नावात एका अक्षराचा फरक, आणि मजकूर असा: ‘झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. रिफंडसाठी या नंबरवर संपर्क करा.’ ग्राहकाने फोन केला. समोरच्याने स्क्रीन दिसणारं एक ॲप मोबाइलवर घ्यायला लावलं, आणि ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले. आंब्याचे पैसे राहिले बाजूला, त्याहून कितीतरी मोठी रक्कम गेली.

म्हणजे काय, तर राग आणि स्पॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो, पण स्पॅम रागाच्या मागावर असतो. असे लोक उत्तर न मिळालेल्या तक्रारीच शोधत फिरतात. आपण जितका उशीर करू तितकी त्यांना जागा मिळते.

मुळात आम्हाला ती तक्रार दिसली का नाही? आम्ही दुकानाचं पेज रोज उघडत होतो आणि पेजवर सगळं शांत होतं. पण जाहिरात म्हणून तयार केलेली पोस्ट बहुतेक वेळा पेजवर दिसतच नाही. ती फक्त ज्यांना जाहिरात दाखवली जाते त्यांना दिसते. शिवाय आम्ही तीच जाहिरात तीन गटांसाठी तीनदा तयार केली होती. दिसायला एक, पण पोस्ट तीन, आणि कमेंटही तीन ठिकाणी. त्या पाहायला Ads Manager मधून जाहिरातीची मूळ पोस्ट उघडावी लागते, किंवा Meta Business Suite च्या इनबॉक्समध्ये कमेंटचा भाग पाहावा लागतो. आता आम्ही एकच पोस्ट तयार करतो आणि बाकीच्या गटांत Use existing post निवडून तीच वापरतो. त्यामुळे तक्रारी एका जागी येतात, आणि समाधानी ग्राहकांनी लिहिलेलंही तिथेच साठत जातं.

सकाळी आमच्या ऑफिसमधल्या मुलाने घाबरून तक्रार डिलीट केली. तक्रार गेली की तिच्याखालची उत्तरंही जातात. म्हणजे त्या भामट्याचं खातंही आमच्या हातून गेलं, ज्याची तक्रार आम्हाला करायची होती. ग्राहक परत आला आणि त्याने लिहिलं, ‘पैसे गेले, आणि आता पुरावाही पुसला.’ त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. खोटं खातं दिसलं की आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, त्या प्रोफाइलची लिंक उतरवून घ्यायची, रिपोर्ट करायचं, मग फक्त त्याचं उत्तर काढायचं आणि त्याला पेजवरून ब्लॉक करायचं. ग्राहकाची तक्रार तिथेच ठेवायची. पैसे गेले असतील तर त्याला लगेच 1930 वर फोन करायला सांगायचं. तिथे जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काहीजण म्हणतात, डिलीट नको तर तक्रार Hide करू. त्यात गंमत अशी की लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. चिडलेल्या ग्राहकाला वाटतं, सगळे वाचतायत आणि दुकानदार गप्प बसलाय. लपवणं लिंका आणि शिवीगाळ यांच्यासाठी ठीक आहे, खऱ्या तक्रारीसाठी नाही.

पेजच्या सेटिंगमध्ये ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवता येतात. आम्ही तिथे ‘कस्टमर केअर’, ‘हेल्पलाइन’, ‘टोल फ्री’ हे शब्द देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत घातले, आणि wa.me सुद्धा. ‘खराब’, ‘फसवणूक’ हे शब्द मात्र मुद्दाम घातले नाहीत, कारण ते खऱ्या ग्राहकाचे शब्द आहेत. तरीही ‘तुमचा हेल्पलाइन नंबर लागत नाही’ अशी खरी तक्रार त्यात अडकतेच. म्हणून लपलेल्या कमेंट रोज एकदा चाळाव्या लागतात.

आता उत्तर. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य आम्ही सोडून दिलं, कारण भामटेही तेच लिहितात. आम्ही असं लिहितो: ‘नऊ आंबे साक्याचे निघाले हे चुकलंच. तेवढे आंबे पुढच्या गाडीने पाठवतो. आम्ही याच पेजवरून तुम्हाला मेसेज केला आहे, त्यात ऑर्डर नंबर द्या. आम्ही कमेंटमध्ये फोन नंबर देत नाही आणि ओटीपी मागत नाही.’ कमेंट करणाऱ्याला पेजवरून एक खाजगी मेसेज सात दिवसांच्या आत करता येतो, तो वापरायचा. आणि आंबे पोचले की त्याच कमेंटखाली परत जाऊन तसं लिहायचं. नवीन वाचणारा माणूस तक्रार वाचतो, पण शेवट काय झाला हेही वाचतो.

एक चूक अजून राहिली. आम्ही त्या दिवशी जाहिरात बंद करून नवी केली. नव्या जाहिरातीला शिकण्याचा काळ लागतो. आठवड्यात साधारण 50 ऑर्डर मिळेपर्यंत ती स्थिरावत नाही. हापूसचा हंगाम तो केवढा! मोजक्या आठवड्यांतले दिवस आम्ही त्यात घालवले, आणि जुन्या पोस्टखालचे चांगले अनुभवही गमावले.

मग राग वाढल्याने जाहिरात महाग होते का? चारदोन चिडलेल्या कमेंटने जाहिरात बिघडली असं लगेच धरू नका. लोक जाहिरात लपवायला किंवा रिपोर्ट करायला लागले, तर मात्र तिची गुणवत्ता घसरते. Ads Manager मध्ये Quality ranking पाहा. तिथे Below average दिसलं आणि ऑर्डरचा खर्चही चढू लागला, तर दुखणं जाहिरातीत आहे. ते ठीक असेल, तर जाहिरातीला हात लावू नका, उत्तरं द्या.

प्रश्न आलाय, जाहिरात थांबवायचीच नाही का? थांबवायची, जेव्हा अनेकजण एकच गोष्ट म्हणतात आणि ती जाहिरातीतल्या शब्दांबद्दल असते. आमच्या जाहिरातीत ‘दोन दिवसांत घरपोच’ होतं आणि नागपूरला चार दिवस लागत होते. तिथे कितीही गोड उत्तर दिलं तरी उपयोग नव्हता. ते वाक्य बदलणं, आणि त्यासाठी शिकण्याचा काळ पुन्हा सोसणं, हेच बरोबर होतं.

त्या ग्राहकाला आंबे पाठवले. पैसे परत मिळाले नाहीत. त्या हंगामापासून आमच्याकडे रात्री अकरापर्यंत एकजण फक्त कमेंट पाहतो.