खेळ न कळणाऱ्यांनी कोणता क्रीडापट निवडावा?

पहिली खूण: शेवटच्या लढतीत काय पणाला लागले आहे, ते त्याआधीच पडद्यावर समजावलेले असावे. 'दंगल'मध्ये (2016, दिग्दर्शक नितेश तिवारी) पाच गुणांचा डाव काय आणि तो इतका अवघड का, हे वडील आपल्या कुस्तीपटू मुलीला, गीताला, आधीच शिकवतात. त्यामुळे अंतिम कुस्तीत तो पडतो, तेव्हा नवख्या प्रेक्षकालाही गुणफलक वाचता येतो.

दुसरी खूण: खेळ एका नजरेत कळणारा असावा. 'चंदू चॅम्पियन' (2024) हा सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्यावरचा चित्रपट. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. शर्यतीत पुढे कोण, एवढेच पाहायचे असते.

'सत्यकथा' आणि 'सत्यकथेवर आधारित':
- गीता फोगट यांचे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक खरे.
- 'दंगल'मधला अंतिम फेरीच्या वेळी वडिलांना खोलीत कोंडण्याचा प्रसंग काल्पनिक.
- प्रत्यक्षातली अंतिम कुस्ती गीता यांनी सहज जिंकली होती. अटीतटीची चुरस पटकथेची.
- 'झुंड' (2022, नागराज मंजुळे) नागपूरचे प्रशिक्षक विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेला आहे. त्यात फुटबॉलइतकीच वस्तीतल्या मुलांची गोष्ट आहे, म्हणून खेळाचे नियम माहीत नसले तरी अडत नाही.