लायसन पाण्यात गेलं, फाटलं, हरवलं : डुप्लिकेट काढताना आधी काय पाहायचं



पावसाळा आला की एक प्रश्न हमखास येतो. जाळं ओढताना खिशातलं पाकीट पाण्यात गेलं, नाहीतर बर्फाच्या पेटीखाली ठेवलेलं लायसन ओलं होऊन अक्षरं पुसून गेली. आता गाडी कशी चालवायची आणि डुप्लिकेट कुठून काढायचं? आपल्यातले बरेच जण मासळी पिकअपमध्ये घालून सौंसर, पांढुर्णा, नाहीतर थेट नागपूरला नेतात. त्यांचं काम लायसनवाचून एक दिवसही चालत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत. एक खुलासा आधीच करतो, हे गाडीच्या लायसनबद्दल आहे. मच्छीमार ओळखपत्र किंवा डोंग्याच्या कागदांचं काम वेगळं.

लायसन हरवलं की माणूस पहिल्यांदा नोटरीकडे नाहीतर एजंटकडे पळतो. आमचं म्हणणं, तिकडे जाऊ नका. आधी आपला लायसन नंबर शोधा आणि सरकारी संगणकात आपली नोंद आहे की नाही ते पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

नंबर सापडतो कुठे? जुनी झेरॉक्स, मोबाईलमधला फोटो, कधी चालान झालं असेल तर त्याची पावती, विम्याच्या क्लेमची फाईल, हे सगळं उलटून पाहा. आपल्याकडच्या बहुतेकांचं लायसन छिंदवाड्याचं, म्हणजे नंबर MP28 ने सुरू होणारा. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला, पण जुन्या लायसनचा नंबर काही त्यामुळे बदलला नाही. नागपुरात कामाला असताना ज्यांनी लायसन काढलं त्यांचा नंबर MH31 किंवा MH40 असा असेल. त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

नंबर मिळाला की मोबाईलवर डिजीलॉकर उघडा आणि ड्रायव्हिंग लायसन मागवून पाहा. ते आलं, तर दोन कामं एकदम झाली. एक तर तुमची नोंद संगणकात आहे हे कळलं. दुसरं, आजपासून गाडी चालवायला अडचण नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमात बदल झाला, तेव्हापासून डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन तपासणीत चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मात्र चालत नाही, पोलीस तो मानायला बांधील नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.

डिजीलॉकरमध्ये आलं नाही, तर आधी नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का ते पाहा. तेही बरोबर असेल, तर बहुतेक लायसन जुन्या हाती लिहिलेल्या पुस्तिकेच्या काळातलं असणार आणि त्याची नोंद संगणकात चढलेलीच नसणार. याला बॅकलॉग नोंद म्हणतात. ती घरून करता येत नाही. ज्या कार्यालयानं लायसन दिलं तिथंच, त्यांच्या जुन्या रजिस्टरवरून ती चढवतात. म्हणून पुस्तिकावाल्या भाऊंनी ऑनलाइन अर्जात वेळ घालवू नये. झेरॉक्स, आधार आणि असेल तो पुरावा घेऊन सरळ छिंदवाड्याला जावं आणि नोंद चढल्यावरच अर्ज भरावा. नाहीतर सिल्लेवानीचा घाट दोनदा चढायचा.

आता एक उदाहरण धरू. आपला एक पिकअपवाला भाऊ आहे, जन्म १९८१ चा. २०१४ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यानं छिंदवाड्याहून लायसन काढलं. त्या वेळच्या नियमानं खाजगी गाडीचं लायसन वीस वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोवर चालायचं. म्हणजे याचं २०३१ पर्यंत चालेल. कार्ड कन्हानच्या पाण्यात गेलं. त्याला वाटलं, मुदत भरपूर आहे, नुसतं डुप्लिकेट काढू.

पण त्यानं पुढं मालवाहू गाडीचीही परवानगी, म्हणजे ट्रान्सपोर्ट, लायसनवर चढवून घेतली होती. तिची तारीख वेगळी असते. पूर्वी ती तीन वर्षांची असायची, आता पाच वर्षांची आहे. कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात, माणूस लांबची वाचतो आणि जवळची विसरतो. डुप्लिकेट म्हणजे जुन्याचीच नक्कल. मुदत एक दिवसही वाढत नाही आणि संपलेली तारीख संपलेलीच छापून येते. म्हणून डिजीलॉकरमध्ये दोन्ही तारखा पाहा. ट्रान्सपोर्टची तारीख वर्षाच्या आत संपणार असेल किंवा संपून वर्ष झालं नसेल, तर त्याच अर्जात नूतनीकरणही निवडा. त्याला डॉक्टरांचा फॉर्म 1A लागेल आणि फी दोन्हींची भरावी लागेल, पण खेप एकच. संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. नुसत्या डुप्लिकेटला ना चाचणी ना डॉक्टरचा दाखला.

यानंतर पोलिसांचा कागद. नुसतं हरवलं असेल तर एफआयआर लागत नाही, हरवल्याची सूचना पुरते. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून ती देता येते, किंवा ज्या हद्दीत हरवलं त्या ठाण्यात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पाकीट चोरीला गेलं असेल तर मात्र चोरीच लिहा. ‘कशाला झंझट’ म्हणून चोरीचं हरवलं करू नका. उद्या तुमचं लायसन दाखवून कुणी गाडी भाड्यानं नेली, तर हाच कागद तुमच्या कामी येतो.

शपथपत्र नोटरीपुढे करायचं. स्टॅम्प विकणाऱ्याला ‘शपथपत्रासाठी’ असं सांगूनच स्टॅम्प घ्या, म्हणजे किमतीत चूक होणार नाही. आपल्याकडे मजकूर हिंदीत टाईप होतो, तो सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोराला वाचायला सांगा. त्यात चार गोष्टी हव्यात. तुमचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि लायसन नंबर. कधी आणि कुठे हरवलं, आणि ती तारीख पोलिसांच्या कागदाशी जुळली पाहिजे. लायसन पोलिसांनी किंवा कोर्टानं जप्त केलेलं नाही, रद्द किंवा निलंबित नाही. आणि जुनं सापडलं तर कार्यालयात जमा करीन.

यातली तिसरी गोष्ट नुसती लिहायची म्हणून लिहू नका. ओव्हरलोड किंवा दारूच्या केसमध्ये पोलिसांनी लायसन ठेवून घेतलं असेल, तर ते हरवलेलं नाही. त्याची पोचपावती तुमच्याकडे असते आणि ते केस मिटवून सोडवायचं असतं. हरवलं म्हणून शपथ घेतली तर तो खोट्या शपथपत्राचा गुन्हा होतो. लायसन निलंबित असेल तर ते संगणकात दिसतंच.

फाटलं, भिजलं, अक्षरं गेली, असं असेल तर काम सोपं आहे. तुकडा का होईना, मूळ कार्ड हातात आहे, तेच जमा करायचं. हरवल्याचा कागद कशाला लागेल? म्हणून भिजलेलं कार्ड रागानं फेकू नका बाप्पा, वाळवून ठेवा.

अर्ज parivahan.gov.in वर होतो. ड्रायव्हिंग लायसनच्या सेवांमध्ये जाऊन राज्य निवडायचं, मग Apply for Duplicate DL. नंबर आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती समोर येते. ती तुमचीच आहे ना, पाहून पुढं जा. कारण विचारतात, तिथं हरवलं, चोरी की खराब झालं ते खरं तेच निवडा. अर्जाचा नमुना फॉर्म 2, तो भरलेल्या माहितीवरूनच तयार होतो. ओटीपी येणारा मोबाईल चालू हवा. लायसन काढतानाचं सिमकार्ड बंद पडलं असेल, तर आधी नंबर बदलून घ्या. गावात नेट चालत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर हेच काम होतं, पण ओटीपी स्वतःच्या डोळ्यांसमोर टाकायला लावा.

पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल, तर ती दुरुस्ती वेगळी सेवा आहे. डुप्लिकेटमध्ये ती आपोआप होत नाही.

फीबद्दल स्पष्ट सांगतो. केंद्राच्या नियमात लायसन देण्याची फी २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे आणखी २०० रुपये. त्यावर राज्याचं आणि पोर्टलचं सेवाशुल्क चढतं. शेवटी स्क्रीनवर जो आकडा येतो तोच भरायचा आणि त्याची पावती निघते. नोटरी आणि कियोस्कचे पैसे यात धरलेले नाहीत. कुणी ‘सरकारी फी’ म्हणून हजार-दोन हजार मागितले, तर पावती मागा.

आता कार्यालयात जायची गरज आहे का? केंद्रानं मार्च २०२१ मध्ये ज्या १८ सेवा आधारच्या ओळखीवर घरबसल्या द्यायचं ठरवलं, त्यात डुप्लिकेट लायसन आहे. आधारशी मोबाईल जोडलेला असेल आणि नाव-जन्मतारीख जुळत असेल, तर अर्ज करताना आधारचा पर्याय निवडा. नाव जुळलं नाही किंवा मोबाईल जोडलेला नसला की जावं लागतं.

जायचं असेल तर अर्जाचा प्रिंट, फीची पावती, पोलिसांचा कागद, मूळ शपथपत्र, मूळ आधार आणि दोन पासपोर्ट फोटो घ्या. कार्ड खराब झालं असेल तर ते कार्डही घ्या. जुन्या लायसनची झेरॉक्स असेल तर तीही, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत वेगळी. अर्जात वेळ घ्यायला सांगितली असेल तर त्या दिवशीच जा, आधी जाऊन उपयोग नाही. आणि स्वतः जा, फोटो किंवा सही पुन्हा घ्यायची वेळ आली तर भावाला पाठवून भागत नाही.

MH नंबरवाल्यांनी पोर्टलवर राज्य महाराष्ट्र निवडावं. MH31 म्हणजे नागपूर शहर, MH40 म्हणजे नागपूर ग्रामीण, अर्ज तिकडेच जातो. सौंसरहून नागपूर आणि छिंदवाडा साधारण सारख्याच अंतरावर, त्यामुळे त्रास जास्त नाही. फक्त नवीन कार्ड पोस्टानं जुन्या नागपूरच्या पत्त्यावर जाईल, तिथं आता कुणी राहत नसेल तर आधी पत्त्याचा विचार करा.

नवीन कार्ड हातात आल्यावर दोन्ही तारखा आणि गाडीचे वर्ग जुन्या नोंदीशी ताडून पाहा. ट्रान्सपोर्टचा वर्ग राहून गेला असेल तर लगेच त्याच अर्ज क्रमांकावर तक्रार द्या. आणि गाळ उपसताना कधी जुनं कार्ड सापडलंच, तर ते खिशात ठेवून दोन-दोन लायसन बाळगू नका, कार्यालयात जमा करून पोच घ्या.